जुन्या मखमलीवरचं जरीकाम: तार, डाग आणि आतलं कापड बघून वय कसं ठरवायचं

जुन्या मखमलीवरचं जरीकाम हातात आलं की बहुतेक जण आधी तारेचा काळेपणा बघतात. काळं म्हणजे जुनं, चकचकीत म्हणजे नवं, असा सरळ हिशेब. हा हिशेब चुकतो, आणि अनेकदा पार उलटा चुकतो. चांदीची तार लोकरीत गुंडाळून ठेवली तर काही वर्षांत काळी पडते. तीच तार चांगल्या कागदात, कोरड्या पेटीत, हवा न लागता राहिली तर शंभर वर्षांनीही बऱ्यापैकी उजळ निघते. काळेपणावरून तार कोणत्या धातूची आहे आणि ती कशाच्या सहवासात राहिली एवढं कळतं. वर्षं मोजायला त्याचा उपयोग नाही.

वय ठरवायची पद्धत वेगळी आहे. तुकड्यात जे जे मूळचं आहे त्यातली सगळ्यात नवी वस्तू शोधायची. तुकडा तिच्या आधीचा असू शकत नाही. एखाद्या फुलाच्या तारेचा गाभा, म्हणजे धातूच्या पट्टीखालचा धागा, पॉलिएस्टरचा निघाला, तर मखमल कितीही विटलेली असो, ते फूल 1950 च्या आधीचं नाही. मात्र या वाक्यातला ‘मूळचं’ हा शब्द नीट सांभाळावा लागतो. अशा तुकड्यांवर दुरुस्त्या होतात, अस्तरं बदलतात, आणि जुनं काम कापून नव्या मखमलीवर चढवणं तर इतकं सर्रास झालेलं आहे की समोरचा तुकडाही असाच जोडाजोडीचा असेल असं धरून चालणंच बरं.

हात लावण्याआधी

पहिली गोष्ट, साफ करू नका. चांदी उजळायचं द्रावण, लिंबू, टूथपावडर, ओला बोळा, यातलं काहीही नको. द्रावणाने काळेपणा जातो, पण सोबत वरचा सोन्याचा पातळ थरही जाऊ शकतो. शिवाय द्रावण गाभ्यात मुरून बसतं आणि तार आतून खात राहतं. ज्या खुणा वाचायच्या आहेत त्याच पुसल्या जातात, ते वेगळंच.

लागणारी साधनं थोडी आहेत. दहापट मोठं दाखवणारं भिंग, तिरपा प्रकाश टाकता येईल असा दिवा, 365 नॅनोमीटरचा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च, बोथट टोकाचा चिमटा, मोजपट्टी, आणि खाली अंथरायला पांढरा कागद. हातमोजे नायट्रिलचे घ्या. सुती मोज्यांचे धागे तारेत अडकतात, आणि लॅटेक्सच्या रबरात गंधक असतं, आणि चांदी काळी पडते ती गंधकानेच. तुकडा सपाट ठेवून बघायचा. हातात उभा धरला की जड तारेचं वजन जीर्ण मखमलीवर येतं आणि ती टाक्यांच्या रेषेत फाटते.

मोबाइलने आधी सगळीकडून फोटो काढा, प्रत्येक फोटोत मोजपट्टी ठेवा. कागदावर जे कण आणि धाग्यांचे तुकडे गळतील ते टाकू नका. पुढे गाभा ओळखायला लागणारे तीन-चार मिलिमीटरचे नमुने बहुधा त्यातच मिळतात, आणि कामाला कात्री लावावी लागत नाही.

सुरुवात मागून

समोरची बाजू मोहात पाडते, म्हणून मी नेहमी तुकडा आधी उलटा करते. मागचं अस्तर हे बहुतेक वेळा तुकड्यातलं सगळ्यात नवं कापड असतं. ते झिजतं, मळतं, बदललं जातं. त्यामुळे अस्तरावरून भरतकामाचं वय सांगणं म्हणजे नव्या चौकटीवरून चित्राचं वय सांगण्यातला प्रकार. अस्तराची एखादी कड आधीच उसवलेली असते. तिथून भिंग आणि टॉर्च वापरून आत बघा. उसवलेली नसेल तर कोपऱ्यातले दोन-तीन टाके सोडवावे लागतील. वस्तू स्वतःची नसेल तर मालकाला विचारूनच.

आत बघताना एकच प्रश्न डोक्यात ठेवायचा. तार बांधणारा टाका किती थरांतून गेला आहे?

याचं कारण जरीकामाच्या रीतीत आहे. जाड कलाबतू, म्हणजे धाग्यावर धातूची पट्टी गुंडाळलेली तार, कापडातून आरपार ओढत नाहीत, कारण ओढताना वरची पट्टी सोलली जाते. ती पृष्ठभागावर मांडतात आणि बारीक रेशमी किंवा सुती दोऱ्याने टाके घालून बांधतात. हा बांधणीचा टाका मखमलीतून आणि मखमलीखाली ताणलेल्या आधाराच्या कापडातून खाली जातो. म्हणजे ज्या कापडाच्या मागे या टाक्यांची दाट रांग दिसते, ते कापड काम करताना हजर होतं. ते आतलं आधाराचं कापड हा खरा साक्षीदार. ज्याच्यावर ही रांग नाही ते नंतर आलं.

आता समजा, मागच्या कापडावर नक्षीच्या पोटातले टाके नाहीतच, फक्त तिच्या बाह्यरेषेवर एक कडं दिसतं. मग नक्षी दुसरीकडे भरून, कडेने कापून, इथे लावलेली आहे. याचा अर्थ नेहमीच नंतरची जोडाजोड असा होत नाही. मखमलीच्या लवेवर बारीक काम अवघड जातं, म्हणून फुलं-पानं वेगळ्या तागाच्या कापडावर भरून मग मखमलीवर लावणं ही जुनी, मान्य रीत होती. तेव्हा मुद्दाम लावलेलं की नंतर हलवलेलं, हे मखमलीलाच विचारायचं. ते पुढे येईलच.

मागे कागद चिकटवलेला सापडला तर खूश व्हा. कडकपणासाठी खळीने जुने कागद लावायची पद्धत होती, आणि ते कधी हिशेबाच्या वहीचे, कधी छापील असतात. छापील कागदावर तारीख दिसली तर काम त्या तारखेच्या आधीचं नाही हे पक्कं. नंतरचं किती, ते मात्र तो कागद सांगत नाही, कारण रद्दी वीस वर्षंही पडून राहते.

तार

आता समोर या. मखमलीवर तीन-चार प्रकारची तार मिसळलेली असते. बादला म्हणजे नुसती चपटी पट्टी. कलाबतू म्हणजे तीच बारीक पट्टी रेशमी किंवा सुती गाभ्यावर गुंडाळलेली. सलमा म्हणजे बारीक तारेची गुंडाळी, पेनातल्या स्प्रिंगसारखी आतून पोकळ. ती हव्या त्या लांबीची कापून मण्यासारखी ओवतात. शिवाय टिकल्या येतात. प्रकाराच्या नावावरून वय कळत नाही, हे सगळे प्रकार शेकडो वर्षं चालत आले आणि आजही बनतात. बघायचं असतं ते पट्टीची कड, पट्टीखालचा धातू आणि गाभा.

कडेपासून सुरू करू. कलाबतूचा एक सैल झालेला वेढा भिंगाखाली धरा. पट्टीची रुंदी साधारण पाव मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे नुसत्या डोळ्याला ती पट्टी वाटतच नाही. फार जुन्या, मध्ययुगीन कामात पट्टी ठोकलेल्या पत्र्यातून कापलेली असायची. तिची कड धारदार, रुंदी कमीजास्त, आणि बऱ्याचदा मुलामा एकाच बाजूला. नंतर चांदीच्या कांबीला सोनं चढवून ती कांब छिद्रांच्या पट्टीतून ओढत ओढत केसाइतकी बारीक करायची आणि दोन रुळांमधून चपटी करायची, ही रीत आली. या पट्टीची कड गोलसर, रुंदी एकसारखी, आणि सोनं दोन्ही बाजूंना. अंगावर लांबीच्या दिशेने बारीक ओरखडे दिसतात, ते छिद्रातून ओढल्याचे. तुमच्या हाती येणारं मखमलीवरचं काम जवळजवळ सगळं या दुसऱ्या प्रकारचंच असेल. धारदार कापीव कड दिसली तर मात्र तिथेच थांबा आणि वस्तुसंग्रहालयातल्या जाणकाराकडे न्या.

मग पट्टीखालचा धातू. यासाठी कुठेही खरवडायची गरज नाही. जिथे काम घासलं गेलं आहे, म्हणजे भरीव पानाचा उंचवटा, घडीची रेषा, किनार, तिथे सोनं आधीच उडालेलं असतं. खाली पांढरं किंवा काळपट दिसलं तर चांदी. लालसर दिसलं तर तांबं. आतून वरपर्यंत सगळंच पिवळं असेल तर पितळ.

तांबं दिसलं की ‘नकली, म्हणून नवं’ असं म्हणण्याची घाई होते. तांब्यावर चांदी-सोनं चढवलेली स्वस्त तार शतकानुशतकं बनत होती. कितीतरी ठिकाणी तिच्याविरुद्ध कायदे करावे लागले, यावरूनच ती किती चालत असेल ते समजा. फरक पडला तो विजेच्या मुलाम्याने. त्याचं पेटंट 1840 मध्ये एल्किंग्टन यांनी घेतलं, आणि त्यानंतर तांब्यावर अगदी पातळ, सारखा मुलामा देणं सोपं आणि स्वस्त झालं. पण मुलामा विजेचा की जुन्या रीतीचा हे भिंगातून खात्रीने सांगता येत नाही. त्याला प्रयोगशाळा लागते. आपण तांब्याची नोंद करायची आणि गाभ्याकडे वळायचं.

गाभा हा माझ्या मते तारेतला सगळ्यात बोलका भाग. पट्टी उलगडलेल्या जागी त्याचा रंग बघा. सोनेरी तारेखाली पिवळं किंवा केशरी रेशीम, रुपेरीखाली पांढरं, ही जुनी चाल. पट्टीच्या वेढ्यांतून गाभा किंचित डोकावतो, तेव्हा रंग जुळला म्हणजे सोनं भरगच्च वाटतं. धागा कशाचा हे गळालेल्या तुकड्यावर ज्योत लावून कळतं. चिमट्यात तीन मिलिमीटर गाभा धरा, पट्टी काढून टाका, आणि टेबलापासून लांब, पाण्याच्या बशीवर ज्योतीला लावा. रेशीम केस जळल्याचा वास देतं, रांगत जळतं आणि बोटांनी चुरगळेल अशी काळी गाठ ठेवतं. सूत कागदासारखं भुरकन जळतं, मऊ करडी राख उरते. व्हिस्कोस रेयॉनही सुतासारखंच जळतं, म्हणून तिथे भिंगातली चमक बघा. रेयॉनचे तंतू लांब, सरळ आणि काचेसारखे चकाकतात, सुताचे आखूड आणि पिळलेले असतात. पॉलिएस्टर वितळतं, आकसतं आणि कडक मणी बनतो.

आता तारखा बसतात. व्हिस्कोस रेयॉनचं व्यापारी उत्पादन 20 व्या शतकाच्या सुरुवातीला सुरू झालं, तेव्हा रेयॉनचा गाभा म्हणजे 1905 च्या नंतरचंच. पॉलिएस्टर 1950 च्या दशकापासून. सुती गाभा आणि तांब्याची पट्टी ही जोडी 19 व्या शतकाच्या उत्तरार्धापासून फार दिसते, पण ती एकटी पुरावा म्हणून कच्ची आहे. रेशमी गाभा आणि चांदीची पट्टी ही जोडी काहीच ठरवत नाही, कारण उत्तम तार आजही तशीच बनते. जुन्याची ओळख नव्या गोष्टींच्या अभावातून पटते, आणि अभाव हा पुरावा नेहमी लंगडाच असतो.

कधी पट्टी धातूची नसतेच. चमकदार, वजनाला हलकी, आणि वाकवून सोडली की परत सरळ होणारी पट्टी दिसली तर ती धातूचा थर दिलेली प्लास्टिकची फिल्म. लुरेक्ससारखी ही तार 1940 च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनची. अशी काही तार झिजली की सोनेरी रंग जाऊन पारदर्शक पट्टी उरते.

टिकल्यांबद्दल थोडक्यात. जुन्या रीतीत तारेची कडी करून ती ठोकून चपटी करायचे, म्हणून मधल्या भोकापासून कडेपर्यंत एक बारीक चीर दिसते. पत्र्यातून ठशाने पाडलेल्या टिकलीला चीर नसते. पण चिरेच्या टिकल्या आजही खास कामांसाठी होतात. चीर असली तर हरखून जाऊ नका. 1920-30 च्या सुमारास जिलेटिनच्या टिकल्याही आल्या. त्या पाण्याने विरघळतात, म्हणून टिकल्यांचं काम चुकूनही ओलं करायचं नाही.

डाग आणि काळेपणा

चांदी हवेतल्या गंधकाशी संयोग होऊन काळी पडते. आधी पिवळट तपकिरी झाक येते, मग जांभळा-निळा, आणि शेवटी काळा. मुलाम्याच्या तारेत सोनं स्वतः काळं होत नाही. खालची चांदी सोन्यातल्या बारीक छिद्रांतून आणि झिजलेल्या कडेतून वर येऊन काळी होते. म्हणून खऱ्या मुलाम्याच्या कलाबतूला भिंगाखाली बघितलं तर प्रत्येक वेढ्याच्या दोन्ही कडा गडद आणि मधली पाठ अजून सोनेरी, असं दिसतं. नुसत्या चांदीची तार मात्र सगळीकडे सारखी करडी-काळी होते. दुरून दोन्ही ‘काळी जर’च. पण एक मूळची सोनेरी होती आणि दुसरी मूळची रुपेरी. नक्षी कशी दिसत असेल याची कल्पना यातूनच येते.

तांबं वेगळं वागतं. ते तपकिरी होतं आणि दमटपणात हिरवं. बांधणीचा दोरा मेणातून ओढून घ्यायची पद्धत आहे. मेणातली आम्लं तांब्याशी संयोग पावतात आणि टाक्याच्या बरोबर ठिकाणी हिरवे, मेणचट ठिपके उगवतात. भिंगात ठिपक्यांची ही शिस्तीत उभी रांग दिसली की पट्टीखाली तांबं आहे हे घासलेली जागा न शोधताही कळतं. हिरवा डाग मखमलीत उतरला असेल तर तिथली लव ठिसूळ झालेली असते, बोट लावू नका.

काळेपणा कुठे पडलाय याला मोल आहे. घडी घालून ठेवलेल्या तुकड्यात घडीच्या आतला भाग उजळ आणि बाहेरचा काळा असतो. भरीव पानाखाली लोकरीचा नमदा घातला असेल तर काळेपणा खालून येतो, कारण लोकरीत गंधक असतं. म्हणजे पानं काळी, शेजारच्या सपाट वेली उजळ. हे नैसर्गिक आहे, यात फसवणूक नाही. संशय घ्यायचा तो काळेपणा तारेइतकाच बांधणीच्या दोऱ्यावर आणि आसपासच्या लवेवरही पसरलेला असेल तेव्हा. गंधकाचं द्रावण लावून तार मुद्दाम काळी करतात तेव्हा द्रावण कापडात झिरपतं आणि पाण्याच्या डागासारखी कड सोडतं. हवेने आलेला काळेपणा धातूवरच थांबतो. टाक्याचा दोरा चिमट्याने किंचित बाजूला सारून खालची तार बघा. दोऱ्याखाली जिथे हवा कमी पोचली तिथे उजळ रेघ असेल तर काळेपणा हळूहळू आला. तिथेही सारखाच काळा असेल तर त्या तारेवर कोणीतरी हात मारला आहे, किंवा ती आधीच काळी असलेली जुनी तार पुन्हा वापरली आहे.

आणि तार अजिबातच काळी नसेल? तीन शक्यता. फिल्म किंवा अॅल्युमिनियम, वर लाखेचा थर, किंवा खरोखरच नीट ठेवलेलं काम. पहिल्या दोन आधी तपासा.

मखमल आणि आधाराचं कापड

मखमलीला दोन गोष्टी विचारायच्या, लव कशाची आणि मागची वीण कशाची. मागून, जिथे कड सुटली आहे तिथून एक धागा मिळाला तर ज्योतीची तीच कसोटी लावा. रेशमी लव, रेशमी वीण ही महाग मखमल. रेशमी लव आणि सुती वीण 19 व्या शतकात खूप चालली. रेयॉनची लव 1920 नंतरची समजा. ती हाताला थंड लागते आणि एकाच दिशेने झोपून राहते. लव उडाली म्हणजे मखमल फार जुनी, हेही खरं नाही. काळ्या आणि गडद तपकिरी रंगात लोह आणि टॅनिन असलं की तो रंगच रेशीम खातो. एकाच तुकड्यात काळी लव टकली आणि शेजारची लाल लव दाट, असं दिसतं ते यामुळे.

रंगाबद्दल एवढंच. पहिला कृत्रिम रंग, पर्किनचा जांभळा, 1856 चा. त्यानंतरच्या काही दशकांत झगझगीत जांभळे, गुलाबी, हिरवे रंग आले आणि त्यातले बरेचसे उजेडात लवकर विटायचे. विटलेला जांभळा दिसला तर 1856 नंतरचा असण्याची शक्यता मनात धरा, पण वनस्पतीतून काढलेले जांभळेही विटायचे, म्हणून हा निव्वळ इशारा.

आधाराच्या कापडाला भिंगाखाली आडवं-उभं बघा. हाताने कातलेल्या सुतात जाडी सतत बदलते, मध्येच गाठ येते, विणीतही दाट-विरळ पट्टे असतात. गिरणीच्या कापडात धागे सारखे आणि दर सेंटिमीटरला संख्या जवळपास स्थिर. मोजपट्टी ठेवून तीन जागी धागे मोजा. फरक एक-दोन धाग्यांचा असेल तर गिरणी, चार-पाचचा असेल तर हातमाग, असा ढोबळ अंदाज बसतो. हातमाग आजही आहे, म्हणून हा पुरावा एकाच दिशेने चालतो. गिरणीचं कापड मूळचं असेल तर काम 18 व्या शतकाच्या अखेरीच्या आधीचं नाही. उलट निष्कर्ष काढता येत नाही.

आता खोलीत अंधार करून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारा. 1940 च्या दशकानंतर कापडात आणि धुण्याच्या पावडरीत प्रकाशी पांढरेपणा देणारी रसायनं आली. ती या प्रकाशात निळसर पांढरी पेटतात. इथे एक खोच आहे. जुनं अस्तर अलीकडे पावडरीने धुतलं असेल तरी पेटतं. पण जरीकाम केलेली मखमल कोणी धूत नाही, त्यामुळे आतलं आधाराचं कापड किंवा बांधणीचा दोरा पेटला तर तो जन्मजातच नवा. शिलाईच्या रेषेत एखादाच टाका पेटत असेल तर ती दुरुस्ती. मी टॉर्च मारताना फोटो घेऊनच ठेवते, कारण डोळ्याला दिसलेलं नंतर कागदावर नीट मांडता येत नाही.

एक तुकडा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

48 × 36 सेंटिमीटरचा मखमली तुकडा. मध्ये 22 सेंटिमीटर उंच फुलदाणी, भोवती वेलीची किनार. रंग तपकिरी-करडा. सोबत ‘अठराव्या शतकातलं’ अशी तोंडी माहिती. जर बऱ्यापैकी काळी, म्हणून ती माहिती पटण्यासारखी.

उलटा केला. अस्तर पांढरं पॉपलिन, टॉर्चखाली लख्ख निळं, मशीनची शिलाई. सुटलेलं दोऱ्याचं टोक ज्योतीत वितळून मणी झालं, म्हणजे पॉलिएस्टर. अस्तर 1950 च्या नंतरचं, आणि भरतकामाबद्दल काहीही न सांगणारं.

अस्तराखाली सुती कापड, सबंध तुकड्याइतकं. तीन जागी धागे मोजले, फरक एकाचाच. गिरणीचं. टॉर्चखाली पेटत नाही. त्याच्यावर किनारीच्या वेलीचे बांधणीचे टाके दाट दिसतात. फुलदाणीच्या जागी मात्र पोट कोरं, फक्त बाह्यरेषेवर टाक्यांचं कडं. म्हणजे किनार याच कापडावर भरली, फुलदाणी वेगळी भरून लावली.

पुढून भिंग लावलं. किनारीची पट्टी घासलेल्या जागी लालसर, टाक्या-टाक्याला हिरवा ठिपका, गाभा सुती. फुलदाणीची पट्टी घासलेल्या जागी पांढरट, वेढ्यांच्या कडा काळ्या आणि पाठ सोनेरी, गाभा फिकं पिवळं रेशीम. दोन वेगळ्या तारा, दोन वेगळ्या प्रतीच्या. फुलदाणीच्या कडेने जाड पिळाची दोरी फिरवलेली होती. ती एका जागी सुटलेली असल्याने आत बघता आलं. खाली खळीने कडक झालेलं तागाचं कापड, धागे उघड कमीजास्त जाडीचे, बाह्यरेषेपासून दोन मिलिमीटरवर कापलेलं. दोरी त्या कापलेल्या कडेवर पांघरूण म्हणून आली होती, आणि ती किनारीच्याच तांब्याच्या तारेची.

पण त्या कापलेल्या तागाच्या कडेला गडद लाल लवेचे चार-दोन तंतूही खळीत रुतलेले होते. समोरच्या मखमलीत लाल कुठेच नाही. म्हणजे फुलदाणी मुळात लाल मखमलीवर होती आणि तिथून कापून आणली.

मग मखमलीला विचारलं, ही बदली कधीची? दोरी सुटलेल्या जागी फुलदाणीची कड केसभर उचलून खालची लव बघितली. चेपलेली, आणि रंग तपकिरी नाही, स्वच्छ जांभळा. किनारीच्या एका सैल पानाखालीही तोच जांभळा. फुलदाणी आणि किनार दोन्ही मखमल विटण्याआधीच तिच्यावर बसल्या होत्या. खालची लवही बाहेरच्यासारखीच विटलेली निघाली असती, तर जुन्या विटक्या मखमलीवर कोणीतरी अलीकडे नक्षी चढवली असा अर्थ झाला असता. मखमलीची लव रेशमी, वीण सुती.

यावरून एक वय निघत नाही, तीन निघतात. अस्तर 1950 नंतरचं. जांभळी मखमल, तांब्याची किनार, गिरणीचं आधाराचं कापड आणि फुलदाणीची जोडणी हे सगळं एकाच वेळचं, आणि सुती गाभ्याची तांब्याची तार, सुती विणीची मखमल, विटणारा जांभळा यांचा मेळ घातला तर 19 व्या शतकाचा उत्तरार्ध किंवा त्यानंतरची दोन-तीन दशकं. फुलदाणी त्याच्या आधीची, कारण ती जोडणीच्या वेळी वापरलेली होती. हाती कातलेला ताग, रेशमी गाभा, चांदीची तार यांनी 18 वं शतक शक्य कोटीत येतं. सिद्ध मात्र होत नाही. पट्टीतल्या धातूंचं प्रमाण आणि लाल लवेचा रंग प्रयोगशाळेत तपासले तर काही सांगता येईल.

नोंद कशी लिहायची

कागदावर प्रत्येक भागाला वेगळी ओळ द्या आणि तीन रकाने ठेवा: काय दिसलं, त्यावरून कधीच्या आधीचं नाही, आणि खात्री किती. दिसलेलं आणि काढलेला निष्कर्ष एकाच रकान्यात कधी लिहू नका. ‘किनार, तांबं, सुती गाभा’ हे दिसलेलं, ‘19 व्या शतकाचा उत्तरार्ध’ हा अंदाज. पुढे कोणाला वेगळा पुरावा मिळाला तर त्याला तुमचा अंदाज खोडता आला पाहिजे आणि निरीक्षण तसंच वापरता आलं पाहिजे. गळालेले धागे आम्लमुक्त कागदाच्या पुडीत, कोणत्या जागेचे ते लिहून, तुकड्यासोबत ठेवा. मूळ टाके सोडवले असतील तर ते कोणते, हेही लिहा, आणि उसवलेला कोपरा परत शिवताना मुद्दाम वेगळ्या रंगाचा सुती दोरा वापरा, म्हणजे पुढच्याला तुमचा टाका मूळचा वाटणार नाही.